स्टेशनच्या बाहेर या, समोरच आहे

गडहिंग्लजला रेल्वे नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. रेल्वे नाही म्हणून स्टेशन नाही, स्टेशन नाही म्हणून त्याला चार दारं नाहीत, आणि चार दारं नाहीत म्हणून चुकीच्या दारातून बाहेर पडण्याची सोयही नाही. आमच्या एसटी स्टँडवर उतरलेला माणूस बाहेर पडतो तो थेट गावात. ‘कचेरी कुठं हाय वो?’ असं त्यानं विचारलं, की सांगणारा तोंडातला घास गिळून हात लांब करतो आणि त्या हाताच्या दिशेला खरोखरच कचेरी असते. एवढ्याशा गोष्टीचं कौतुक कुणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

पण काही कागद असे असतात की त्यांचं काम गडहिंग्लजला होत नाही. ते कोल्हापूरला जातात. तिथंही झालं नाही तर मुंबईला जातात, आणि कागद मुंबईला गेला की त्याच्यामागून माणसाला जावं लागतं. एसटीनं कोल्हापूर, कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. पुणं झोपेत जातं, घाट उतरतो, कर्जत-कल्याणला जाग येते. पाचशेहून जास्त किलोमीटरच्या या वाटेवर माणसाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. सगळे निर्णय इंजिन घेतं. माणसाच्या वाट्याला शेवटचा अर्धा किलोमीटर तेवढा येतो, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो.

कारण कार्यालय ‘स्टेशनजवळ’ असतं. पत्राच्या माथ्यावर तसं छापलेलं असतं: सीएसएमटी स्टेशनजवळ, मुंबई ४००००१. खाली दूरध्वनी, त्याखाली आता कुणीच वापरत नसलेला फॅक्सचा नंबर, त्याखाली ई-मेल आणि उजवीकडे बोधचिन्ह. कोणत्या दारातून बाहेर पडायचं, एवढं एक सोडून सगळं त्या कागदावर असतं. पिनकोड असतो, पण पिनकोड टपालाच्या कामाचा. टपालाला दार निवडावं लागत नाही. जनरल पोस्ट ऑफिस स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे गडहिंग्लजहून स्पीड पोस्टनं पाठवलेलं पत्र त्याच कार्यालयात न चुकता पोचतं. ते पत्र लिहिणारा माणूस मात्र मस्जिद बंदरला पोचतो. तो कसा पोचतो, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

समजा, कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. मुंबईत अशी कार्यालयं पुष्कळ आहेत आणि सगळी ‘स्टेशनजवळ’ आहेत. आमच्याकडचा माणूस सावध असतो, तो आदल्या दिवशी फोन करतो. पलीकडच्या बाई सज्जन असतात. हे मी उपरोधानं म्हणत नाही. त्या खरोखर सज्जन असतात. म्हणूनच त्या ‘वेबसाईट बघा’ न म्हणता वाट सांगतात.

‘काका, अगदी सोपं आहे. स्टेशनच्या बाहेर या, डावीकडे वळा, सरळ चालत राहा. दहा मिनिटं.’

या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या बाई रोज असंच येतात. पण त्या येतात लोकलनं. सीएसएमटीला अठरा फलाट आहेत. त्यांतले एक ते सात लोकलचे, आणि आठपासून पुढचे बाहेरगावच्या गाड्यांचे. लोकलचे फलाट पश्चिमेच्या अंगाला, दादाभाई नौरोजी रस्त्याकडे. बाई लोकलमधून उतरतात, लोकलच्या दालनातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांचं तोंड पश्चिमेला असतं. पश्चिमेला तोंड करून डावीकडे वळलं की दक्षिण. दक्षिणेला स्टेशनची नक्षीदार इमारत, मग चौक, मग वळून जीपीओ आणि पुढं बॅलार्ड इस्टेट. बरोबर दहा मिनिटं.

आमचा माणूस महालक्ष्मीनं येतो. त्याची गाडी पूर्वेच्या अंगाला लागते, आणि समजा ती अगदी शेवटच्या फलाटांपैकी एकावर लागली. गर्दी ज्या बाजूला वाहते त्या बाजूला तोही वाहतो आणि अठरा नंबरच्या बाजूनं पी. डिमेलो रस्त्यावर येतो. आता त्याचं तोंड पूर्वेला आहे. तो आज्ञाधारक असल्यामुळे डावीकडे वळतो. पूर्वेला तोंड करून डावीकडे वळलं की उत्तर. उत्तरेला मस्जिद बंदर. तो सरळ चालत राहतो, कारण ‘सरळ चालत राहा’ असंही सांगितलेलं असतं. दहा मिनिटांनी तो कार्यालयापासून पहिल्यापेक्षा दुप्पट लांब असतो, आणि सांगितलेलं सगळं त्यानं तंतोतंत पाळलेलं असतं.

तिसरंही एक दार आहे. बाहेरगावच्या गाड्यांच्या मोठ्या दालनातून जीपीओच्या अंगाला जी वाट निघते, तिथून दक्षिणेला तोंड करून बाहेर पडलं आणि डावीकडे वळलं, तर माणूस पूर्वेला जातो. तिथून पुढं उजवीकडे वळायची बुद्धी झाली तर बॅलार्ड इस्टेट सापडतं. म्हणजे दारं तीन, सूचना एक, आणि निकाल असे: एकाला पूर्ण बरोबर, दुसऱ्याला पूर्ण उलट, तिसऱ्याला नशिबावर. ‘डावीकडे’ ही दिशा त्या बाईंच्या डाव्या हाताशी बांधलेली आहे. हात त्यांचा, दार आमचं.

माझी मूळ तक्रार आहे ती ही. वाट सांगणारा माणूस नेहमी स्वतःच्या दारापासून सुरुवात करतो आणि ते दार सांगायचं विसरतो. त्याला दार दिसतच नाही. रोज ज्या दारातून जायचं ते दार राहत नाही, ती सवय होते. चौकशीच्या खिडकीत बसलेल्यांपैकी निम्मे तर या स्टेशनात येतही नसतील. ते पश्चिम रेल्वेनं चर्चगेटला उतरतात. फोर्टातली बरीच कार्यालयं दोन्ही स्टेशनांना ‘जवळ’ आहेत, त्यामुळे ‘स्टेशनच्या बाहेर या’ म्हणताना कुणाच्या मनात कुठलं स्टेशन आहे, हाही एक स्वतंत्र प्रश्न आहे. तो विचारला, की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, ‘तुम्ही कुठून येताय?’ गडहिंग्लजहून, असं सांगितलं की तो आणखी गप्प होतो.

काही लोक दिशेऐवजी खूण सांगतात. ते जास्त धोकादायक. ‘मोठा घुमट दिसेल, त्याच्या जवळच.’ घुमट दिसतो यात शंका नाही. अडचण अशी की तिथं घुमट तीन आहेत. एक स्टेशनचा स्वतःचा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. दुसरा रस्त्यापलीकडच्या महापालिकेचा. ती १८९३ मध्ये झाली आणि तीही स्टीव्हन्स यांनीच आखलेली. एकाच माणसानं समोरासमोर दोन घुमट उभारून ठेवले, त्यात पुढं कुणाला खूण सांगायची असेल हा विचार दिसत नाही. तिसरा जीपीओचा. जॉन बेग यांनी आखलेली ही इमारत १९१३ ची, आणि तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. आमच्या भागातून विजापूरला शाळेच्या सहली जातात, त्यामुळे गडहिंग्लजचा माणूस तीन घुमटांतून ओळखीचा म्हणून नेमका हाच निवडतो. बॅलार्ड इस्टेटला जायचं असेल तर त्याचं भलं होतं. काम महापालिकेच्या बाजूला असेल, तर विजापूरनं त्याला पुन्हा एकदा बुडवलं असं म्हणायचं.

महापालिकेच्या बाजूचं काम असलं की ‘समोर’ हा शब्द येतो. ‘स्टेशनच्या समोरच आहे हो.’ समोर आहेच. दिसतंसुद्धा. पण मध्ये जो चौक आहे तो ओलांडायचा नसतो, त्याच्या खालून जायचं असतं. खाली भुयारी मार्ग आहे, आणि त्यात मोबाईलची कव्हरं, पट्टे, खेळणी, चार्जर यांची ओळीनं दुकानं आहेत. स्टेशनातलं दार बरोबर निवडून माणूस खाली उतरतो, तर तिथं पुन्हा वेगवेगळ्या कोपऱ्यांना निघणारे जिने. एक जिना महापालिकेकडे, दुसरा आझाद मैदानाकडे, तिसरा भलत्याच फुटपाथवर. वर आकाश नाही, सूर्य नाही, घुमट तर नाहीच. जमिनीवर असताना तीन घुमट जास्त वाटत होते. खाली गेल्यावर एकाचीही सोय नाही. चुकीच्या जिन्यानं वर आलेला माणूस कार्यालयाकडे बघतो, मधल्या वाहनांकडे बघतो, आणि पुन्हा खाली उतरून एक चार्जर घेतो.

एवढ्यात कुणीतरी तरुण म्हणतो, ‘मोबाईलवर मॅप लावा की.’ लावतो. नकाशात स्टेशन म्हणजे एक टाचणी, आणि ती टाचणी रुळांच्या मधोमध टोचलेली. अठरा फलाटांचं स्टेशन त्याच्या लेखी एक बिंदू आहे आणि बिंदूला दार नसतं. वाट विचारली की तो ठिपक्याला सर्वांत जवळ वाटणाऱ्या रस्त्यापासून मोजायला लागतो, मग मध्ये भिंत असो नाहीतर पाच गाड्या उभ्या असोत. शिवाय डोक्यावर छप्पर आणि भोवती दगडी भिंती असल्या की उपग्रहाचा संदेश आडवातिडवा येतो. निळा ठिपका तिकीट न काढता फलाट बदलतो. आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे त्याला आपण चालल्याशिवाय नीट कळत नाही, आणि कुठल्या दिशेला चालायचं हे आपल्याला त्यानं सांगितल्याशिवाय कळत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत उभे राहतात.

चुकलं तर चुकलं, परत फिरायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना मोठं स्टेशन समजलेलं नाही. दार चुकलं की स्टेशन हीच अडचण होऊन बसते. आत येताना प्रवाशाकडे तिकीट होतं. बाहेर पडला की प्रवास संपला. आता पूर्वेकडून पश्चिमेला जायला त्याच फलाटांवरून परत जायचं, तर नियमानं प्लॅटफॉर्म तिकीट हवं. दहा रुपये, दोन तास. रात्रभर रेल्वेनं ज्याला झोपवून आणलं, त्यालाच सकाळी तिच्या अंगणातून जायला दहा रुपये. ते नको असतील, तर सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या बाजूनं खाली या, जीपीओला वळसा घाला आणि चौकापर्यंत या. बॅग हातात असेल तर हा वळसा पंधरा मिनिटांचा. टॅक्सी केली तर कमीत कमी भाडं एकतीस रुपये, आणि टॅक्सीवाला ‘इतनेसे के लिए?’ असं म्हणून जो चेहरा करतो त्याचे वेगळे.

मुंबईकराला यातलं काहीच होत नाही. मुंबईकर दार डब्यात चढताना निवडतो. उतरल्यावर कुठला पूल, कुठला जिना समोर यायला हवा, हे ठरवून तो पुढच्या, मधल्या किंवा मागच्या डब्यात उभा राहतो. महालक्ष्मीच्या प्रवाशाला ही चैन नाही. त्याचा डबा आरक्षणाच्या यंत्रानं ठरवलेला असतो. एक डबा साधारण तेवीस-चोवीस मीटर लांब. अठरा-वीस डब्यांच्या गाडीत शेवटचा डबा मिळाला, तर रूळ जिथं संपतात तिथवर यायला साडेचारशे मीटर फलाट तुडवावा लागतो. कार्यालय ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ आहे असं सांगणाऱ्यानं डबा कुठला ते विचारलेलं नसतं.

जगात यावर उपाय झालेले आहेत, आणि ते ऐकून जास्तच वाईट वाटतं. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत असं सांगतात. तिथं दारांना क्रमांक असतात, आणि कुठल्या दाराबाहेर कुठली इमारत, कुठली बँक, कुठलं सरकारी कार्यालय, याच्या पिवळ्या पाट्या असतात. सोलमध्ये भेटायचं ठरलं तर लोक स्टेशनाबरोबर दाराचा आकडा सांगतात. इतकं लांब कशाला, दिल्ली मेट्रोतही गेट नंबर असतो आणि पत्ता सांगताना तो सांगितला जातो. म्हणजे दारं दोनशे असली तरी चालतं, त्यांना नाव हवं. आपल्याकडे फलाटाला नंबर, डब्याला नंबर, आसनाला नंबर, हमालाच्या बिल्ल्याला नंबर. ज्याच्यावर पुढचा अर्धा तास अवलंबून आहे ते दार तेवढं बिनआकड्याचं. त्याला लोकांनीच नावं ठेवलीत: ‘जीपीओ साईड’, ‘अठरा नंबर’, ‘भाटिया बाग’, ‘सेल्फी पॉइंट’. ही नावं उपयोगाची आहेत, पण ती ज्याला माहीत आहेत त्याला वाट विचारावीच लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि सीएसएमटीला जमिनीखाली आणखी एक स्टेशन मिळालं. त्याच्या दारांना इंग्रजी अक्षर आणि आकडा अशी रीतसर नावं आहेत. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की दाराला नाव मिळालं तरी कार्यालयाच्या कागदावर ते यायला हवं, आणि कागद छापून घेतलेले असतात. जुने गठ्ठे संपल्याशिवाय नवे छापत नाहीत. शिवाय टर्मिनसच्या पुनर्विकासाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे. पुनर्विकास म्हणजे पत्रे लागणार, वाटा वळणार, काल उघडं असलेलं आज बंद असणार. ज्यांनी वर्षानुवर्षं घासून एक दार पाठ केलं, त्यांच्यावरही गडहिंग्लजच्या माणसाची पाळी येईल. एका बाजूनं मला याचं दुःख आहे.

तोवर आमच्या लोकांनी आपली सोय आपणच करायला हवी, आणि ती होण्यासारखी आहे. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. रूळ उत्तरेकडून येतात आणि दक्षिणेला संपतात. म्हणून रूळ जिकडे संपतात तिकडे तोंड करून फलाटावर उभं राहायचं. उजव्या हाताला पश्चिम: दादाभाई नौरोजी रस्ता, महापालिका, आझाद मैदान. डाव्या हाताला पूर्व: पी. डिमेलो रस्ता आणि बंदर. नाकासमोर दक्षिण: जीपीओ, फोर्ट, आणि थोडं डावीकडे बॅलार्ड इस्टेट. पाठीमागं मस्जिद बंदर, तिकडे आपलं काम नाही. शंका आली तर महालक्ष्मी सकाळीच पोचते, ऊन ज्या अंगानं येतं तो डावा हात. ही दिशा डब्यातून उतरताना ठरवायची, गर्दी सुरू व्हायच्या आधी. एकदा गर्दीत शिरलं की ती आपल्याला तिच्या कामाला घेऊन जाते.

दुसरं असं, की फोनवर ‘कसं यायचं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला ‘सोपं आहे’ हेच उत्तर येतं. विचारायचं ते असं: कार्यालय रुळांच्या कुठल्या बाजूला? मोठा रस्ता ओलांडावा लागतो की नाही, आणि लागत असेल तर भुयारातून कुठल्या जिन्यानं वर यायचं? जीपीओकडे तोंड करून उभं राहिलं तर तुम्ही कुठल्या हाताला? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यात डावं-उजवं सांगणाऱ्याच्या हातातून सुटतं आणि जीपीओच्या ताब्यात जातं. जीपीओ १९१३ पासून जागचं हललेलं नाही. आणखी एक, जमलं तर प्रश्न कार्यालयातल्या शिपायाला विचारायचा. साहेब गाडीतून येतात, बाई लोकलनं येतात. टपाल घेऊन दिवसभर सगळ्या दारांतून जा-ये करणारा तोच.

हे सगळं मी एका कार्यालयाला लेखी कळवलं. नाव सांगत नाही, स्टेशनजवळच आहे. पत्राच्या माथ्यावर फॅक्सचा नंबर काढून त्या जागी स्टेशनचं दार छापावं, एवढीच विनंती केली. खर्च काही नाही, जागा तयारच आहे. उत्तर आलं. सूचना चांगली असून ती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. अधिक माहितीसाठी कार्यालयीन वेळेत प्रत्यक्ष भेटावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली पत्ता होता, आणि पत्त्याखाली फॅक्सचा नंबर.